द्राक्षाची खोकी: कोटेशन मागवायचं ते नोव्हेंबरातच

जुन्नर, नारायणगाव पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी उरकली की सगळं लक्ष डाऊनी आणि भुरीकडे जातं, ते बरोबरच आहे. खोक्यांची आठवण मात्र मण्यात पाणी उतरायला लागल्यावर होते. तोवर जानेवारी उजाडलेला असतो, खोकीवाल्याकडे सगळ्यांचीच घाई असते आणि तो म्हणेल तो दर, देईल तो पुठ्ठा घ्यावा लागतो. म्हणून यंदा फवारणीच्या धावपळीतून एक दुपार काढा आणि कोटेशनचा कागद नोव्हेंबरातच पाठवा.

नुसतं फोनवर 'पाच किलोचं खोकं केवढ्याला?' विचारलं की तीन जण तीन वेगवेगळ्या खोक्यांचे दर सांगतात. मग स्वस्त कोण हे कळणार कसं? आमचा आठ बागायतदारांचा गट आहे. एका हंगामात आम्ही कागदावर लिहून दिलं होतं: '५७५ × ३८०, पाच प्लाय'. पनेटची मापं जोडून काढलेला आकडा होता तो. ११५ मिमी रुंदीचे पाच पनेट एका बाजूने आणि १९० मिमी लांबीचे दोन दुसऱ्या बाजूने. माप आतलं की बाहेरचं, हे लिहायचं राहिलं. ज्याचा दर दोन रुपयांनी कमी होता त्याने ते बाहेरचं धरलं. दोन्ही बाजूंचा पुठ्ठा वजा जाता आत ५६३ × ३६८ उरले. पाचवा पनेट दाबून बसवावा लागे, झाकण फुगे आणि कडेचे मणी फुटत. चूक आमचीच होती, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

तेव्हापासून आम्ही आधी दहा भरलेले पनेट टेबलावर मांडतो, टेपने मोजतो, दोन्हीकडे थोडी मोकळीक धरतो आणि 'आतील माप, लांबी × रुंदी × उंची, मिमीमध्ये' असंच लिहितो. आमचं आतलं माप ५८५ × ३८८ ठरलं. सहा मिमी पुठ्ठा धरला तर बाहेरून ५९७ × ४०० होतं आणि १२०० × १००० च्या पॅलेटवर एका थरात पाच खोकी काठाबाहेर न जाता बसतात. हे बाहेरचं माप 'याहून जास्त नको' म्हणून वेगळं लिहा. खोकं पॅलेटबाहेर लोंबलं की त्याचा कोपरा अधांतरी राहतो आणि थप्पीचा बराचसा भार कोपरेच पेलत असतात. हवेची भोकं आणि हात घालायची खाच कोपऱ्यापासून लांब ठेवायला सांगायचं, तेही याच कारणासाठी.

आता मजबुती. इथे बहुतेक जण 'पाच प्लाय, १५० जीएसएम, २० बीएफ' एवढं लिहून मोकळे होतात. जीएसएम म्हणजे कागदाचं चौरस मीटरला वजन आणि बीएफ म्हणजे फुटण्याला तो किती टिकतो त्याचा आकडा. दोन्ही कागदाचे गुण आहेत. आपलं खोकं मात्र फुटत नाही, दबतं. म्हणून थप्पीखाली किती भार सोसला पाहिजे तो आकडा मागायचा. त्याला कॉम्प्रेशन स्ट्रेंथ किंवा बीसीटी म्हणतात.

हिशेब सोपा आहे. भरलेलं खोकं पनेट, कागद, पुठ्ठा धरून साधारण ६ किलो. कोल्ड स्टोअरमध्ये दहा थर लावले तर तळातल्या खोक्यावर नऊ खोकी, म्हणजे ५४ किलो. पण प्रयोगशाळेत खोकं कोरडं असतं आणि चाचणी काही मिनिटांत संपते. शीतगृहात ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते, तिथे पुठ्ठ्याची निम्मी ताकद सहज जाते. वर ट्रकचे हादरे आणि दिवसांचा भार. म्हणून आम्ही चारपट धरतो: २१६, म्हणजे किमान २२० किलो. माल सकाळी तोडून संध्याकाळी पुण्यातल्या सोसायट्यांत जाणार असेल आणि थर पाच-सहाच असतील, तर एवढ्या खोक्याला पैसे घालू नका, हलकं चालतं. दोन्ही वाटा असतील तर दोन वेगळे दर मागवा.

बीसीटी तुम्हाला घरी मोजता येत नाही, वजन मात्र येतं. पाचही थर १५० जीएसएमचे असतील, तर नालीचा कागद वळ्यांमुळे साधारण १.४ पट लागतो हे धरून पुठ्ठा चौरस मीटरला ८७० ग्रॅमच्या आसपास जातो. आमच्या ट्रेला सुमारे ०.६४ चौरस मीटर पुठ्ठा लागतो, म्हणजे रिकामं खोकं ५५० ग्रॅमच्या जवळपास. मधले थर गुपचूप १२० चे घातले की तेच ४८५ च्या आसपास येतं. तेव्हा कोटेशनमध्ये प्रत्येक थराचा कागद आणि रिकाम्या खोक्याचं वजन लिहून मागा, फरक पाच टक्के चालेल म्हणा, आणि गाडी आली की दहा खोकी काट्यावर टाका. खोकी कोरडी हवीत. ओला पुठ्ठा वजनात भरतो आणि थप्पीत बसतो.

छपाईत आवर घाला. दोन रंग पुरतात. अख्ख्या खोक्यावर गडद रंग मारला की छपाईच्या दाबाने नाल्या चेपतात. जातीचं नाव आणि साल छापू नका, शिक्क्यासाठी रिकामी चौकट ठेवा. तेच खोकं थॉमसनला चालेल, जंबोला चालेल आणि उरलं तर पुढच्या हंगामालाही. छपाईच्या प्लेटला इथे स्टिरिओ म्हणतात. तिचा खर्च एकदाच येतो, तो वेगळा लिहून घ्या आणि स्टिरिओ आपल्या मालकीची राहील हेही.

वर्षाची संख्या फुगवून दर पाडायचा मोह होतो. अवकाळीने मणी तडकले की फुगवलेली खोकी गळ्यात पडतात. आमचे २५ एकर, एकरी ८ टन धरले तर २०० टन. त्यातला निम्मा माल पाच किलोत जातो: २० हजार खोकी, वर पाच टक्के खराबी, म्हणून २१ हजार. पिंपरी-चिंचवड, चाकणकडचे खोकीवाले कारखान्यांच्या दरमहा मागणीला सरावलेले असतात. आपला माल दोन महिन्यांत आटपतो, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागतं. आमचा मजकूर असा असतो:

'द्राक्षासाठी पाच प्लाय डायकट ट्रे. आतील माप ५८५ × ३८८ × ११० मिमी, बाहेरील कमाल ६०० × ४००. बीसीटी किमान २२० किलो, चाचणी अहवालासह. थरवार कागद व रिकाम्या खोक्याचे वजन कळवावे. छपाई दोन रंग, नमुना सोबत. हंगामाची अंदाजे संख्या २१,०००. त्यापैकी ८,००० पक्की, १५ जानेवारीपर्यंत. उरलेली सात दिवस आधी कळवल्यावर. दर पॅकहाऊसपोच, जीएसटी वेगळा दाखवून. स्टिरिओ व डाय यांचा खर्च स्वतंत्र. दर कोणत्या तारखेपर्यंत कायम राहील ते लिहावे.'

'पॅकहाऊसपोच' हा शब्द गाळू नका. समजा, एकाचा दर ३२ रुपये, भाडं आणि स्टिरिओ वेगळे. भाड्याचे २९,४०० आणि स्टिरिओचे १०,५०० रुपये २१ हजारांवर वाटले की खोक्यामागे १ रुपया ९० पैसे वाढले, दर ३३.९० झाला. सगळं धरून ३३.५० सांगणारा दुसरा मग स्वस्त पडतो.

ऑर्डर देण्याआधी पाच-सहा नमुने मागवा. एक खोकं पनेट घालून भरा, वर प्लायवूडचा तुकडा, त्यावर युरियाची ४५ किलोची गोणी आणि आणखी दहा किलो वजन ठेवा आणि दोन रात्री प्रीकूलिंगच्या खोलीत राहू द्या. तिसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. एखादा कोपरा बसलेला दिसला किंवा पनेटच्या झाकणावर भार आलेला दिसला, तर नमुना परत पाठवा आणि वरचा कागद जाड करून दुसरा मागवा.