मांजराची बद्धकोष्ठता आणि मेगाकोलन : या चुका टाळा

"डॉक्टर, चार दिवस शी नाही झाली, पण घरचे उपाय चालू आहेत." मांजराच्या बद्धकोष्ठतेचा फोन बहुतेक वेळा असाच येतो. त्या घरच्या उपायांत काय काय असतं ते आता मला पाठ झालंय : दुधातून इसबगोल, चमचाभर एरंडेल, केमिस्टकडून आणलेला एनिमा. मांजर आणतात तेव्हा आठवडा उलटलेला असतो.

हा आठवडा एवढा महत्त्वाचा का, ते आधी समजून घ्या. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी शोषून घेणं. शी तिथे जितकी थांबेल तितकी कोरडी, कडक आणि जाड होते, आणि मग बाहेर पडणं आणखी अवघड होतं. असं वारंवार झालं की आतडं ताणलं जातं आणि त्याच्या स्नायूंची ढकलण्याची ताकद जाते. एका टप्प्यानंतर ती परत येत नाही. त्या अवस्थेला मेगाकोलन म्हणतात. बऱ्याच मांजरांत मूळ कारण सापडतच नाही, स्नायूच कमकुवत झालेला असतो, आणि मध्यम वयाच्या बोक्यांत हे जास्त दिसतं. पण काही मांजरांत कारण अगदी ढळढळीत असतं. ते शोधायचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

कुंथतंय म्हणजे बद्धकोष्ठताच, असं धरून चालणं

बोका ट्रेमध्ये वारंवार जाऊन कुंथत असेल तर पहिला प्रश्न लघवीचा. ट्रेमध्ये ओला गोळा दिसतोय का? नसेल तर लघवी तुंबलेली असू शकते, आणि त्यात बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. अशा वेळी रेचक देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

फक्त आतड्याचा एक्स-रे काढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती आम्हा डॉक्टरांकडूनच होते.

एक नारिंगी बोका आला होता, चार वर्षांचा, चार किलोच्या आतबाहेर. सोबतच्या काकूंची तक्रार होती जुलाबाची. "थोडं थोडं पातळ करतो हो सारखं, दहीभात चालू आहे." आधीच्या दवाखान्यात जुलाब थांबवायचं औषध मिळालं होतं. पोटावर हात ठेवला तर मोठं आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडासारखं. अडकलेल्या कडक शीच्या कडेने थोडं पातळ पाणी झिरपत होतं आणि त्यालाच सगळे जुलाब म्हणत होते. जुलाब थांबवणाऱ्या औषधाने उरलीसुरली हालचालही बंद पडली होती.

त्यांच्याकडे जुना एक्स-रे होता. एकच, कुशीवर झोपवून काढलेला, आणि कमरेच्या मागचा भाग फिल्मबाहेर. आम्ही नव्याने दोन काढले : एक कुशीवर, एक पाठीवर झोपवून, दोन्हींत पेल्व्हिस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, पूर्ण येईल असे.

कुशीवरच्या एक्स-रेत आतडं मोजायची सोपी रीत आहे. मांजराला कमरेचे सात मणके असतात. सेक्रम म्हणजे कण्याचं पेल्व्हिसला जोडलेलं हाड; त्याच्या लगेच पुढचा सातवा, तिथून डोक्याच्या दिशेने मोजत गेलं की तिसरा येतो तो पाचवा मणका. त्याची लांबी मोजायची, मोठं आतडं जिथे सगळ्यात रुंद आहे तिथली रुंदी मोजायची, आणि रुंदीला लांबीने भागायचं. दोन्ही मापं एकाच फिल्मवरची, त्यामुळे मांजर लहान की मोठं याने फारसा फरक पडत नाही. उत्तर १.२८ च्या आत असेल तर आतडं साधारण नॉर्मल. १.४८ च्या वर गेलं तर मेगाकोलनचा दाट संशय. मधल्या पट्ट्यात नुसत्या एक्स-रेवरून निकाल देऊ नये. या बोक्याचा मणका २२ मिलिमीटर, आतडं ४४. म्हणजे बरोबर दुप्पट.

खरं उत्तर मात्र पाठीवरच्या एक्स-रेत होतं. पेल्व्हिसचं एक हाड कधीतरी मोडून आतल्या बाजूला सरकून तसंच जुळलेलं, आणि शी बाहेर यायची वाट जवळजवळ निम्मी झालेली. काकूंना विचारलं तेव्हा आठवलं : सव्वा वर्षापूर्वी हा चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून पडला होता. "पण पंधरा दिवसांत चालायला लागला ना!" त्या वेळी कमरेचा एक्स-रे कोणी काढलाच नव्हता. आणि शीचा त्रास सुरू झाल्यापासून वर्षभर फक्त रेचकं बदलत राहिली.

हे वर्ष फार महागात पडतं. अरुंद वाटेमागे आतडं तुंबून काही महिनेच झाले असतील, तर हाड दुरुस्त करून वाट मोठी केल्यावर आतडं पूर्वपदावर येण्याची आशा असते. साधारण सहा महिन्यांची मर्यादा धरतात. त्यानंतर वाट मोकळी केली तरी ताणलेला स्नायू बहुधा साथ देत नाही.

म्हणून मांजर उंचावरून पडलं, गाडीखाली आलं, तर चालतंय म्हणून सोडून देऊ नका. कमरेचा एक्स-रे काढून घ्या, आणि पुढचे काही महिने ट्रेकडे नीट लक्ष ठेवा.

नव्या डॉक्टरांसाठी अजून एक. गच्च भरलेल्या आतड्याचा एकच एक्स-रे पाहून "मेगाकोलन आहे, ऑपरेशन करा" असं सांगू नका. साध्या बद्धकोष्ठतेतही आतडं एकदा फुगू शकतं. आतडं रिकामं करा, औषध चालू करा, आणि काही आठवड्यांनी परत मोजा. मधल्या काळात रक्त तपासा. किडनीचा आजार आणि कमी झालेलं पोटॅशियम ही दोन कारणं हमखास नजरेतून सुटतात.

केमिस्टकडचा एनिमा

माणसांसाठी मिळणारा तयार फॉस्फेट एनिमा मांजराला कधीच देऊ नका. त्यातलं फॉस्फेट आतड्यातून रक्तात शिरतं, कॅल्शियम झपाट्याने खाली येतं, झटके येतात आणि मांजर काही तासांत मरू शकतं. डोस कमी केला तर चालेल का, असं मला विचारतात. नाही चालणार.

लिक्विड पॅराफिन तोंडात ओतणंही बंद करा. त्याला चव नाही, त्यामुळे मांजराला ते घशात आल्याचं कळत नाही आणि थेट फुप्फुसात जातं. मग शीचं राहतं बाजूला आणि न्यूमोनियाचा उपचार करत बसावं लागतं. एरंडेलही नको : गच्च भरलेल्या आतड्याला जोराने पिळवटून काही साधत नाही.

शी खरंच अडकली असेल तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी सलाईन, म्हणजे शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम भरून काढायचं. मग भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून, कोमट पाण्याचा एनिमा हळूहळू, किलोमागे ५ ते १० मिलिलिटर, आणि पोटावरून हलक्या हाताने खडे सुटे करायचे. नळी यासाठी की आतडं हाताळताना मांजराला उलटी होते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. एकाच दिवशी सगळं बाहेर काढायची घाई मी करत नाही. ताणलेली भिंत पातळ असते, फाटली तर पोटात जंतुसंसर्ग. नारिंगी बोक्याला दोन दिवसांत दोनदा केलं. दुसरा मार्ग म्हणजे कोलोनोस्कोपीआधी माणसांना देतात ते पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं द्रावण नाकातल्या नळीतून तासन् तास थेंबथेंब सोडणं. त्याला वेळ लागतो, पण बऱ्याच मांजरांना भूल टाळता येते. मांजर उलट्या करत असेल तर मात्र हा मार्ग नको.

शी झाली की औषध बंद करणं

ही माझी दुसरी लाडकी तक्रार. लॅक्ट्युलोज दिलं, तिसऱ्या दिवशी छान शी झाली, बाटली कपाटात गेली. तीन आठवड्यांनी परत तेच मांजर, आधीपेक्षा जास्त तुंबलेलं. प्रत्येक वेळी आतडं थोडं अजून ताणलं जातं. हे औषध ताप उतरला की बंद करायचं औषध नाही. काही मांजरांना ते आयुष्यभर लागतं.

लॅक्ट्युलोज शीमध्ये पाणी ओढून धरतं. सुरुवात किलोमागे अर्धा मिलिलिटर, दिवसातून दोन-तीन वेळा. म्हणजे चार किलोच्या मांजराला एका वेळी २ मिलिलिटर. पुढे शी पाहून कमी-जास्त करायचं : मऊ पण आकार असलेली शी हवी. पाण्यासारखी झाली तर डोस उतरवा, नाहीतर अंगातलं पाणीच कमी होईल. ते चिकट आणि गोड असतं, मांजरं थुंकतात. त्यामुळे मी बऱ्याचदा पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५० ची बिनचवीची पावडर देतो, ओल्या खाण्यात मिसळून पाव चहाचा चमचा, दिवसातून दोनदा. मधुमेही मांजराला तर हीच बरी. दोन्हींचा डोस आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

इसबगोल चांगलं आहे, पण कुणासाठी? अंगात भरपूर पाणी असलेल्या, आतडं अजून ढकलू शकणाऱ्या मांजरासाठी. आतडं आधीच लुळं पडलेलं असेल तर इसबगोलाने शीचा ढीग फक्त वाढतो. अशांना कमी अवशेष उरणारं ओलं खाणं, भरपूर पाणी, आणि किडनीचं दुखणं असेल तर कातडीखाली सलाईन.

परदेशी माहितीत सिसाप्राइड या आतडं ढकलणाऱ्या औषधाबद्दल वाचून लोक केमिस्टकडे फिरत बसतात. आपल्याकडे माणसांसाठीच्या सिसाप्राइडवर २०११ पासून बंदी आहे, दुकानात मिळणार नाही. आम्ही त्याऐवजी बहुधा मोसाप्राइड किंवा प्रुकालोप्राइड वापरतो. पण आतडं ढकलणारं कुठलंही औषध गच्च भरलेल्या आतड्यावर नाही, आधी ते रिकामं व्हायला हवं. आणि स्नायूत काहीच ताकद उरली नसेल तर त्याचाही उपयोग होत नाही.

ऑपरेशनला फार लवकर किंवा फार उशिरा जाणं

पहिल्याच वेळेला शी अडकली म्हणून कोणी आतडं कापू नये. पण औषध, खाणं, पाणी सगळं नियमित असूनही पुन्हा पुन्हा भूल देऊन साफ करावं लागत असेल, किंवा मोडलेल्या हाडामागे आतडं सहा महिन्यांहून जास्त तुंबलेलं असेल, तर ऑपरेशनबद्दल बोलायलाच हवं. मांजर खायचं सोडून हाडाचा सापळा होईपर्यंत थांबलात तर आतड्याची शिवण धरायला शरीरात ताकदच उरत नाही.

या ऑपरेशनला सबटोटल कोलेक्टॉमी म्हणतात. मोठ्या आतड्याचा बहुतेक भाग काढून टोकं जोडतात. लहान आणि मोठ्या आतड्याच्या मधली झडप शक्य असेल तर मी वाचवायला सांगतो, कारण ती गेलेल्या मांजरांत पातळ शी जास्त काळ राहते. पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठी भीती शिवण सुटण्याची : ताप, उलट्या, पोट दुखणं, एकदम मलूल होणं यांपैकी काही दिसलं तर त्याच तासाला फोन करा.

नारिंगी बोका औषधावर काही महिने निघाला, पण तीनदा परत अडकला, आणि मग काकूंनी ऑपरेशनला होकार दिला. सुरुवातीला शी पातळ, दिवसातून कितीतरी वेळा. काकू घाबरल्या होत्या, पण हे आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. सहा-सात आठवड्यांत ती दिवसातून दोन-तीन वेळा, पेजेहून घट्ट अशी झाली. त्याहून घट्ट ती कधी होणार नाही, आणि या बोक्याच्या अरुंद वाटेतून तीच शी विनासायास बाहेर पडते.

ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या दिवशी आतडं साफ करायच्या नादाने एनिमा देऊ नका. कडक शी सर्जनला आतड्यासकट उचलून बाजूला करता येते. पातळ झालेली पोटात सांडते.