पक्या, सुमी, बंडू: घरच्या नावांच्या बाबतीत या चुका टाळा

बारशाला ठरलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर जातं आणि तिथेच राहतं, घरात पोरगं पक्या नाहीतर बंडूच असतं. यात काही गैर नाही, पण हीच नावं चारचौघांत आली की गोंधळ होतो आणि तो बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो: "या"वालं नाव आणि "ऊ"वालं नाव यातला फरक लोकांना कळत असतो पण लक्षात राहत नाही.

आधी ही नावं बनतात कशी ते बघू. मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, जोडाक्षर असेल तर ते सुटं करायचं, पुढचं व्यंजन उचलायचं आणि त्याला "या" लावायचा. प्रकाशचा पक्या, प्रमोदचा पम्या, सचिनचा सच्या, अविनाशचा अव्या. "स" असेल तर "य" च्या शेजारी तो "श" होतो, म्हणून वसंतचा वश्या आणि प्रसादचा पश्या, आणि मग प्रशांत पण पश्याच, त्यामुळे एका वर्गात हे दोघं असले की एकाला आडनावाने हाक पडते. मधे "ह" आला तर तोंडात नीट बसत नाही, म्हणून राहुलचा "राह्या" कुणी करत नाही, सरळ राहुल्या म्हणतात. मुलींना "या" च्या जागी "ई": सुमनची सुमी, मंगलची मंगी, शुभांगीची शुभी.

दुसरा प्रकार "ऊ" चा. राजू, संजू, विजू, चंदू, मुलींमध्ये वैशू, सुलू, प्राजू. दोन्ही लाडाचेच, पण लाड वेगळा. "या" मध्ये बरोबरीचा धसमुसळा लाड आहे, शाळेतला बाकावरचा मित्र, मोठा भाऊ, चिडलेली आई. "ऊ" मध्ये मऊपणा आहे. एकाच घरात आई खुशीत असली की "विजू" आणि दूध उतू गेलं की "विज्या", हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. "ऊ"वाल्या नावाला नातं चिकटतं, "या"वाल्याला चिकटत नाही. राजूदादा, बाळूकाका, बंडूमामा, पिंटूभाऊजी हे सगळं चालतं, माणूस पंच्याहत्तरीचा झाला तरी चालतं. पण "पिंट्याभाऊजी" किंवा "पम्याकाका" म्हणून बघा, एक तर चेष्टा वाटते नाहीतर अपमान. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीची इथे हमखास पंचाईत होते, कारण घरात सगळे दिराला पिंट्या म्हणतात, तिच्या कानावर तेच पडतं आणि मग ती बिचारी तेच नाव उचलून पुढे "भाऊजी" लावते. उपाय सोपा आहे, "या" काढा "ऊ" लावा आणि मग नातं जोडा. "ऊ" बसतच नसेल (सच्याचं काय करणार?) तर अख्खं नाव घ्या, सचिनभाऊजी. मुलींच्या नावातही तेच, मंगीताई कानाला खटकतं, मंगूताई नाहीतर मंगलताई चालतं. अर्थात वैशालीताईला हा नियम नाही, तिथला "ई" मूळ नावातलाच आहे.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे क्रियापद. "या" बरोबर अरे-तुरेच येतं. आता कल्पना करा, ऑफिसात प्रकाशरावांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम आहे, शाळेतला मित्र बोलायला उभा राहतो आणि म्हणतो, "आमचे पक्या आता दोन शब्द बोलतील." लोक हसतात, पण प्रकाशरावांना कळत नाही हसायचं की नाही, आणि मुलाच्या सासरची मंडळी समोर बसली असली तर अजूनच अवघड. यात "पक्या" चुकीचं नाही आणि "बोलतील" पण नाही, दोन्ही एकत्र आल्यामुळे घोळ झाला. मित्राने असं म्हणायला हवं होतं, "शाळेत याला आम्ही पक्या म्हणायचो, मागच्या बाकावर आम्ही दोघं," किस्सा तिथे संपवायचा, आणि मग आवाज बदलून "तर प्रकाशराव आता दोन शब्द बोलतील." म्हणजे पक्या फक्त भूतकाळात आणि किस्स्यात, वर्तमानकाळात प्रकाशराव. हे एवढं पाळलं तर कितीही घरगुती आठवण स्टेजवरून सांगता येते. आणि एक सांगतो, हाताखालची तरुण पोरं समोर असतील तर किस्सा एकच ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी अख्खा स्टाफ मागे पक्या म्हणतो.

टाइप करतानाची एक चूक तर रोज दिसते. सुरेशचा "सुऱ्या" लिहायचा असतो आणि लोक "सुर्या" लिहितात. पहिल्यात आडवा, चंद्रकोरीसारखा र आहे, दुसऱ्यात रफार, आणि दुसरं वाचलं की सूर्या नावाचा कुणी माणूस डोळ्यासमोर येतो. हऱ्या, शिऱ्या, सगळ्यांचं तेच. कीबोर्डवर नुक्तावाला ऱ शोधा, मग हलंत, मग य. तसंच मुलींची हाक आणि नाव यात गल्लत नको: हाक मारताना "अगं सुमे", पण सांगताना "सुमी आली". "सुमे आली" असं होत नाही.

कागदपत्रांचं मात्र गमतीवर सोडू नका. जुन्या सातबाऱ्यावर तलाठ्याने गावात चालणारं नाव लिहून टाकलंय, बबन, आणि आधारवर ज्ञानेश्वर, मग वारसनोंद करताना दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. म्हणून शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म, बँक, विमा, मृत्युपत्र, जिथे सही आहे तिथे एकच पूर्ण नाव, अक्षर न अक्षर तेच. घरचं नावच कायमचं लावायचं असेल तर ते आधी राजपत्रात नावबदल करून घ्या, मग बाकीच्या कागदांवर. लोकमान्यांचं जन्मनाव केशव होतं आणि बाळ हे लाडाचं नाव, ते बाळ गंगाधर टिळक म्हणून चाललं, पण त्या काळी आधार आणि पॅन एकमेकांशी जुळवायचं नव्हतं.

लग्नपत्रिकेत नवरानवरीच्या नावाला कंसात "पिंट्या" "सोनू" घालायची हौस असते. व्हॉट्सॲपवरच्या पत्रिकेत घाला, छापील पत्रिकेत नको, कारण ती पुढे विवाहनोंदणीच्या कागदांत जाते.

आणि याच्या बरोबर उलटी चूक एका ठिकाणी होते, निधनाच्या बातमीत. तिथे लोक फार फॉर्मल होतात आणि फक्त कागदावरचं नाव छापतात. गावाने ज्यांना साठ वर्षं बंडूनाना म्हणून ओळखलं त्यांचं मूळ नाव दत्तात्रय हे शेजाऱ्याला सुद्धा माहीत नसतं, बातमी वाचून कुणी येत नाही आणि दहाव्यानंतर फोन सुरू होतात की आम्हाला कळवलं का नाही. तिथे दत्तात्रय, पुढे आडनाव, आणि मग "उर्फ बंडूनाना" हे मोठ्या अक्षरात, फोटोच्या खाली.