दोरी असो वा नळी : स्थिर तरंगाचे उत्तर पाव तरंगलांबीने कसे पडताळावे

स्थिर तरंगांचे उदाहरण सोडवल्यावर बहुतेक विद्यार्थी उत्तर पडताळतात ते त्याच सूत्रात तेच आकडे पुन्हा घालून. सूत्रच चुकीचे निवडले असेल, तर या खटाटोपातून चुकीचे उत्तर तेवढे दुसऱ्यांदा मिळते. खरी पडताळणी सूत्र बाजूला ठेवून करायची असते. मिळालेल्या वारंवारतेची तरंगलांबी काढावी आणि ती त्या दोरीत किंवा नळीत दोन्ही टोकांच्या अटी पाळून बसते का, हे मोजून पाहावे.

यासाठी माप म्हणून पूर्ण किंवा अर्धी तरंगलांबी न घेता पाव तरंगलांबी घेणे सोयीचे ठरते, कारण निस्पंदापासून लगतच्या प्रस्पंदापर्यंतचे अंतर नेमके तेवढेच असते. दोन्ही टोकांना घट्ट बांधलेल्या दोरीत दोन्हीकडे निस्पंदच हवेत, त्यामुळे तिच्या लांबीत बसणाऱ्या पावांची संख्या सम आली पाहिजे. एक टोक बंद असलेल्या नळीत बंद टोकाशी निस्पंद आणि उघड्या तोंडाशी प्रस्पंद असतो, म्हणून तिथे ही संख्या विषमच हवी. जुन्या पिढीला पावकी पाठ असे. इथे तेवढीही गरज नाही, एक भागाकार पुरतो.

एक उदाहरण घेऊ. एका टोकाला बंद असलेल्या नळीची लांबी ४२.५ सेमी आहे, हवेतील ध्वनीचा वेग ३४० मी/से धरायचा आहे आणि प्रश्नात तिसऱ्या अधिस्वराची, म्हणजे तिसऱ्या ओव्हरटोनची वारंवारता विचारली आहे. समजा वर्गात तिघांची तीन उत्तरे आली : १२०० हर्ट्झ, ६०० हर्ट्झ आणि १४०० हर्ट्झ.

पहिली पायरी तरंगलांबीची. वेगाला वारंवारतेने भागले, की १२०० हर्ट्झसाठी ती २८.३३ सेमी येते आणि तिचा पाव ७.०८ सेमी. दुसऱ्या पायरीत नळीची लांबी या पावाने भागावी, ४२.५ ला ७.०८ ने भागल्यास ६ येतात. संख्या सम आली, याचा अर्थ बंद टोकाशी निस्पंद धरला तर उघड्या तोंडाशीही निस्पंदच पडतो, आणि तसे या नळीत होऊच शकत नाही. उत्तर इथेच बाद झाले. चूक कुठे झाली, हेही लगेच दिसते : त्या विद्यार्थ्याने दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीचे f = nv/2L हे सूत्र वापरले.

६०० हर्ट्झचे उत्तर मात्र ही चाळणी सहज पार करते. त्याची पाव तरंगलांबी १४.१७ सेमी आहे आणि ती नळीत बरोबर ३ वेळा बसते. ही वारंवारता त्या नळीत खरोखरच निर्माण होते, फक्त विचारलेली वारंवारता ती नव्हे. म्हणून तिसरी पायरी नाव तपासण्याची, आणि ती कधीही गाळू नये. हार्मोनिकचा क्रमांक म्हणजे मूलभूत वारंवारतेची किती पट, तर ओव्हरटोनचा क्रमांक म्हणजे मूलभूतानंतर प्रत्यक्ष मिळणाऱ्या स्वरांतला कितवा. या नळीची मूलभूत वारंवारता २०० हर्ट्झ आहे आणि तिच्यात फक्त विषम पटी मिळतात, त्यामुळे ओळीने स्वर येतात ते २००, ६००, १००० आणि १४०० हर्ट्झ. ६०० हर्ट्झ हा तिसरा हार्मोनिक खरा, पण ओव्हरटोन पहिलाच. तिसरा ओव्हरटोन म्हणजे सातवा हार्मोनिक, अर्थात १४०० हर्ट्झ.

आता १४०० हर्ट्झचे चित्र काढून पाहावे. पाव तरंगलांबी ६.०७ सेमी येते, आणि ती ७ वेळा बसते. बंद टोकापासून मोजल्यास निस्पंद ०, १२.१४, २४.२९ आणि ३६.४३ सेमीवर पडतात, आणि शेवटच्या निस्पंदापासून तोंडापर्यंत ६.०७ सेमी, म्हणजे बरोबर एक पाव उरतो. चित्र हाताने काढताना हा उरलेला पावच बहुधा चुकतो. घाईत त्याचा अर्धा वेटोळा पूर्ण केला जातो आणि उत्तर सम संख्येकडे घसरते. काही पुस्तकांत कणांच्या विस्थापनाऐवजी दाबाचा आलेख असतो, त्यात निस्पंद आणि प्रस्पंदांच्या जागा बदललेल्या दिसतात. त्याने गोंधळू नये, कारण दोन टोकांना दोन वेगळ्या गोष्टी असल्याने पावांची संख्या तरीही विषमच राहते.

दोरीच्या बाबतीत मोजणी सोपी असते आणि चूक बहुधा वेगात लपलेली असते. ८० सेमी लांबीची दोरी, दर मीटरला ५ ग्रॅम वस्तुमान आणि ७२ न्यूटन ताण घेतला, तर v = √(T/m) यावरून वेग १२० मी/से येतो आणि तिसरा हार्मोनिक २२५ हर्ट्झ. तरंगलांबी ५३.३ सेमी, पाव १३.३ सेमी, आणि ८० सेमीत ते ६ बसतात. संख्या सम आहे आणि वेटोळे तीन आहेत, म्हणजे मेळ बसला. पण एखाद्याने ग्रॅमचे किलोग्रॅम केलेच नाहीत, तर वेग ३.८ मी/से येतो आणि त्या चुकीच्या वेगातही पाव ६ वेळाच बसतात! ही पद्धत वेगातली चूक पकडत नाही, म्हणून वेग स्वतंत्रपणे पाहावा लागतो. एवढी ताणलेली दोरी धावणाऱ्या माणसाच्या गतीने लहर नेईल, हे मनालाच पटू नये. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोरीसाठी हवेतला ३४० हा वेग वापरणे. दोरीचा स्वर हवेत गेला, की वारंवारता तीच राहते, तरंगलांबी बदलते.

प्रयोगशाळेतल्या नळीत हिशेब थोडा सरकतो, कारण प्रस्पंद नळीच्या तोंडावर नव्हे, तर किंचित बाहेर तयार होतो. हे अंतर नळीच्या आतील व्यासाच्या सुमारे ०.३ पट धरतात. ५१२ हर्ट्झचा नादकाटा आणि ३४९ मी/से वेग (साधारण ३० अंश सेल्सिअसला) घेतला, तर पाव तरंगलांबी १७.०४ सेमी येते. नळीचा व्यास ३ सेमी असेल, तर पहिला अनुनाद १६.१ सेमीला आणि दुसरा ५०.२ सेमीला ऐकू येतो. या दोन लांबींचे गुणोत्तर नेमके ३ न येता ३.१ च्या आसपास येते, आणि तेच योग्य आहे. ते ३ पेक्षा कमी आले, तर पाण्याची पातळी चुकीची वाचली गेली असावी किंवा अनुनादाचा कमाल बिंदू हुकला असावा, असे समजून वाचन पुन्हा घ्यावे. वेग काढताना मात्र दोन लांबींतील फरकच वापरावा. तो अर्ध्या तरंगलांबीइतका असतो आणि तोंडाजवळची दुरुस्ती वजाबाकीत आपोआप निघून जाते : ३४.१ सेमीची दुप्पट गुणिले ५१२, म्हणजे पुन्हा सुमारे ३४९ मी/से.