घरात दिवस चालू असताना कोणता मेसेज केव्हा पाठवावा

इंदूरच्या मराठी घरात कोणी गेलं की दोन वेळापत्रकं सुरू होतात. बाहेरच्या लोकांसाठी साधारण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उठावना असतो; पेपरात सूचना येते, ऑफिसातले लोक येतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. घरातलं दिवसकार्य मात्र तेराव्यापर्यंत चालतं. उठावना झाला म्हणजे विषय संपला असं धरून लोक चौथ्या दिवशी कामाचे मेसेज सुरू करतात, आणि नेमकं तेच घरच्यांना बोचतं.

समजा, सुदामा नगरात शेजारच्या वहिनींचे सासरे मंगळवारी पहाटे गेले. मग उठावना गुरुवारी, दहावा पुढच्या गुरुवारी आणि तेरावा त्यानंतरच्या रविवारी. मृत्यूचा दिवस पहिला धरायचा. हे तारखांसकट फोनमध्ये आधी लिहून ठेवा.

मंगळवारी घरच्यांना दुःखाला सवडच नसते. डॉक्टरांचा कागद, नातेवाइकांना फोन, मुक्तिधामाची वेळ, बाहेरगावचा मुलगा कधी पोहोचतो याची वाट. या दिवशी मेसेज छोटा हवा आणि त्याला उत्तराची गरज नसावी: “वहिनी, काकांचं आत्ताच कळलं. आम्ही दोघं येतोय. संध्याकाळचा पिठलं-भात आमच्याकडून. उत्तर देऊ नका.” अंत्ययात्रेची वेळ घरच्यांना विचारू नका, शेजारी किंवा चुलत भावाला विचारा. “कसं झालं हो?” हा प्रश्न तर नकोच, त्या दिवशी त्याचं उत्तर त्यांनी आधीच कितीतरी वेळा दिलेलं असतं.

खरी अडचण चौथ्यापासून नवव्यापर्यंतची. गर्दी ओसरते, पण घर रोजच्या वळणावर आलेलं नसतं. दक्षिणेकडे वात केलेला दिवा तेवत असतो आणि तो विझू नये म्हणून कोणीतरी रात्री उठून तेल घालत असतं. देवपूजा बंद, सणवार बंद. शास्त्राच्या हिशोबातही गेलेला माणूस अजून मधेच आहे: बाराव्याच्या सपिंडीकरणानंतर तो पितरांत गणला जातो, तोवर नाही. म्हणूनच घरातले त्याच्याबद्दल कधी “आहेत” म्हणतात, कधी “होते”. त्यांना तिथे दुरुस्त करू नका.

या दिवसांत “आता सावरा”, “सुटले बिचारे”, “वय झालं होतं” हे लिहू नये. सुटका झाली असं घरच्यांना वाटत असेलही, पण ते म्हणायचा हक्क त्यांचा. फुलांच्या चित्रावर “भावपूर्ण श्रद्धांजली” लिहून ग्रुपवर टाकलं तर चालतं, पण वहिनींना वेगळं काही लिहायचं असेल तर काकांची एखादी नेमकी गोष्ट लिहा: “काका सकाळी फिरून येताना आमच्या फाटकावरचा पेपर उचलून आत टाकायचे. आज तो बाहेरच पडला होता.” असा मेसेज घरात सगळ्यांना वाचून दाखवला जातो. त्याखाली एक ठोस काम जोडलंत तर आणखी उत्तम: “मृत्यूच्या नोंदीचे २१ दिवस आहेत, अर्ज मी भरून आणतो. दादांनी फक्त सही करायची.” “काही लागलं तर सांगा” याला काही अर्थ नाही, कोणी सांगत नाही.

दहाव्याला सकाळी फोन करू नका. घरचे घाटावर असतात, पिंड ठेवलेला असतो आणि कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होऊन सांगतो, आईला आम्ही बघू, धाकटीचं लग्न नीट करू. कधी तरीही शिवत नाही, तेव्हा दर्भाचा कावळा करून भागवतात. ती रुखरुख दुपारपर्यंत घरी पोहोचलेली असते. “कावळा शिवला का?” हे मेसेजवर विचारायचं नाही, ते स्वतः सांगतील. संध्याकाळी एवढं पुरे: “आजचा दिवस मोठा होता. उद्या सकाळी दूध मी आणून ठेवते.” भेटायला गेलात तर निघताना “येतो” म्हणत नाहीत, घरचेही “या” म्हणत नाहीत, मेसेजच्या शेवटीही “पुन्हा भेटू” टाळलेलं बरं.

तेराव्याला गोड जेवण होतं आणि पाहुणे पांगतात. घर रिकामं होतं ते सोमवारी, आणि त्या दिवशी मेसेज जवळपास कोणाचाच नसतो. तुमचा तेव्हा जाऊ द्या: “वहिनी, आज चहाला तुमच्याकडे येते. काकूंना घेऊन बागेत एक फेरी मारू का?” इथे प्रश्न चालतो, कारण आता उत्तर द्यायला वेळ असतो.

एक मात्र बघा. काही घरं तीन दिवसांतच सगळं आटोपतात, काही विधीच करत नाहीत. घरच्यांनी पाठवलेल्या सूचनेत जी शेवटची तारीख असेल, तिथून तुमचा सोमवार मोजा.