‘विचार छान, पण परिच्छेद नीट पाड’: निबंधावर अभिप्रायाचं पत्र लिहिताना या चुका टाळा

नववीच्या वह्या तपासताना दर वर्षी दोन-तीन निबंध असे हाती येतात, की वाचताना पेन खाली ठेवावं असं वाटतं. मुलीने काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण लिहिलेलं असतं सलग दोन पानं, एका दमात, एकाच परिच्छेदात. अशा मुलीला मी शेऱ्याऐवजी पत्र लिहिते. वहीच्या मागच्या पानावर, फार तर पाऊण पान. ही पत्रं मी बरीच वर्षं चुकीची लिहिली, म्हणून हा लेख.

एकच निबंध धरून बोलू. विषय होता ‘आमच्या गावचा आठवडे बाजार’. सुरुवातीची नऊ वाक्यं अशी होती:

“आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. बाजारात खूप गर्दी असते. भाजीवाल्या बायका पहाटेच येतात, कारण उशीर झाला तर कडेची जागा मिळते आणि कडेला गिऱ्हाईक फिरकत नाही. आजी सांगते, पूर्वी धान्य देऊन मीठ मिळायचं. प्लास्टिकच्या पिशव्या सगळीकडे पडलेल्या असतात. आता मोबाइलवरून पैसे देतात, पण आजीला ते जमत नाही म्हणून मी तिच्याबरोबर जाते. पावसाळ्यात फार चिखल होतो. आई मुद्दाम दिवेलागणीला जाते, कारण तेव्हा भाव उतरतो. उरलेली भाजी परत न्यायला टेम्पोचं भाडं परवडत नाही, म्हणून त्या बायका मिळेल त्या भावाला देऊन टाकतात.”

तिसरं, आठवं आणि नववं वाक्य शेजारी ठेवून बघा. विकणारीला पहाटे यावं लागतं, घेणारी मुद्दाम उशिरा येते, आणि या दोन वेळांच्या मध्ये भाजीचा भाव पडतो. मोठ्या माणसालाही चटकन सुचणार नाही असं हे निरीक्षण आहे. पण त्याच्या मध्ये आजीचं मीठ, पिशव्या, मोबाइल आणि चिखल येऊन बसलेत.

चूक पहिली: ‘परिच्छेद पाड’ एवढंच सांगणं

मी आधी तेच लिहिलं होतं. ‘विचार चांगले आहेत, पण परिच्छेद नीट पाड.’ तिने ते मनापासून ऐकलं आणि चार दिवसांनी वही आणून दिली. दर पाच ओळींनी एक ओळ मोकळी. वाक्यं तीच, क्रमही तोच. “बाई, केले की सहा परिच्छेद,” म्हणाली. चूक तिची नव्हती. परिच्छेद म्हणजे मोकळी जागा, असंच तिला वाटत होतं आणि माझ्या शेऱ्याने तेच पक्कं केलं.

यामागे आपली शिकवणही आहे. प्रस्तावना, मध्य, समारोप असा साचा आपण पाचवीपासून गिरवून घेतो. प्रस्तावनेला तीन ओळी, समारोपाला तीन ओळी, आणि उरलेलं सगळं ‘मध्य’ नावाच्या पोत्यात. त्या पोत्याच्या आत काय कुठे ठेवायचं, ते कुणी सांगतच नाही.

म्हणून पत्रात वाक्यांचे क्रमांक द्यावेत आणि बोट ठेवून दाखवावं: हे इथे आहे, त्याचं भावंड तिथे आहे, मध्ये परकं माणूस बसलंय. पूर्ण निबंधाचं असं करायची गरज नाही. एका तुकड्याचं पुरे.

चूक दुसरी: कौतुक आणि मग ‘पण’

‘कल्पना सुंदर, भाषा ओघवती, पण…’ मुलं ‘पण’च्या पुढचंच वाचतात. किंवा त्याच्या उलट, फक्त कौतुकच घरी वाचून दाखवतात. दोन्हींत हाती काही लागत नाही, कारण कौतुक कशाचं, ते पत्रात नसतंच.

त्यापेक्षा कौतुकालाच कामाला लावावं. जो विचार आवडला तो नेमका सांगावा, आणि तो वाचकाच्या हातून कुठे निसटतो तेही त्याच दमात सांगावं. इथे गुण आणि दोष वेगळे नाहीतच. तिचा सगळ्यात चांगला विचार तीन ठिकाणी विखुरला आहे, हीच रचनेची अडचण आहे. असं सांगितलं की मुलीला परिच्छेद हा बाईंचा नियम वाटत नाही. आपलंच काहीतरी वाचवायचं आहे, असं वाटतं.

चूक तिसरी: आपणच लिहून देणं

हा मोह मला अजून होतो. लाल पेनाने तीन वाक्यं जोडून एक झकास परिच्छेद लिहून दाखवायचा. मुलगी तो सुवाच्य अक्षरात उतरवते, आणि पुढच्या महिन्यात ‘पावसाळ्यातला एक दिवस’ पुन्हा एकाच परिच्छेदात येतो. निदान सोपं आहे: दुरुस्त निबंध उत्तम आणि पुढचा निबंध जैसे थे असेल, तर दुरुस्ती आपण केली होती. पत्रात पहिल्या गटाची वाक्यं आपण दाखवावीत, बाकीचे गट तिला शोधू द्यावेत.

ऱ्हस्व-दीर्घाचं थोडक्यात सांगते. या फेरीत त्याला हात लावू नका. जे वाक्य उद्या खोडलं जाणार आहे, त्यातली वेलांटी आज सुधारून काय उपयोग?

गुणही त्या दिवशी देऊ नका. रूथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त लेखी अभिप्राय मिळाला त्या मुलांचं काम सुधारलं. अभिप्रायासोबत गुणही मिळाले त्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. वर्गात हे डोळ्यांनी दिसतं: वही हातात पडली की आधी आकडा, मग शेजारच्याचा आकडा, मग वही बंद.

मग पत्र कसं असावं?

या मुलीला दुसऱ्यांदा लिहिलेलं पत्र, नाव गाळून, देते:

“तुझा निबंध दोनदा वाचला. विकणाऱ्या बायका पहाटे का येतात आणि तुझी आई दिवेलागणीला का जाते, हे तू लिहिलंस ते मी कुठे वाचलं नव्हतं. बाजाराचा भाव घड्याळावर चालतो, हे तुला दिसलं आहे.

पण वाचताना ते माझ्या हातून निसटत होतं. तुझ्या वाक्यांना मी १ ते ९ क्रमांक दिलेत. ३, ८ आणि ९ ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत. पण ३ वाचल्यावर मी आजीच्या मिठाकडे गेले, मग पिशव्या, मोबाइल, चिखल, आणि ८ ला पोचेपर्यंत पहाटे आलेल्या बायका विसरून गेले.

मागच्या वेळी मी ‘परिच्छेद पाड’ म्हटलं, ते अर्धवट सांगितलं. परिच्छेद म्हणजे एकाच गोष्टीबद्दलची वाक्यं एका घरात राहणं. मोकळी ओळ ही फक्त त्या घराची भिंत.

आता एवढंच कर. उरलेल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात एक-दोन शब्द लिही: हे कशाबद्दल आहे? ज्यांच्यासमोर तोच शब्द येईल ती वाक्यं एकत्र कर. ४ आणि ६ मध्ये मला काहीतरी नातं दिसतंय, तुला काय दिसतं ते बघ. ५ आणि ७ ला घर सापडलं नाही, तर त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन वाक्यं लिही किंवा त्यांना सोडून दे. सोडलंस तरी चालेल.

नवीन निबंध लिहू नकोस. फक्त पहिलं पान, शुक्रवारपर्यंत. शुद्धलेखन आणि गुण नंतर बघू.”

पत्रात काम एकच आहे आणि ते अर्ध्या तासात होण्यासारखं आहे. ‘पुढच्या वेळी लक्ष दे’ या वाक्यावर संपणाऱ्या पत्राचं काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची वेळ येते तेव्हा पत्र वहीच्या मागच्या पानावर असतं आणि वही कपाटात.

एवढं करूनही बिघडलं तर

बिघडतंच. शुक्रवारी आलेल्या पानावर गट अगदी बरोबर पडले होते. ४ आणि ६ वर तिने समासात ‘देवघेव’ असा शब्द लिहिला होता. धान्य देऊन मीठ आणणारी आजी आता मोबाइलपुढे अडते, हे तिचं तिला सापडलं. चिखल गेला, पिशव्या गेल्या. पण प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात अशी: ‘आता मी भाजीवाल्यांबद्दल सांगणार आहे.’ ‘आता मी देवघेवीबद्दल सांगणार आहे.’ समासातला शब्दच वाक्य होऊन आत शिरला होता. यावर लांब पत्र नको. मी एवढंच लिहिलं: ‘कशाबद्दल ते कळलं. त्याबद्दल तुला काय म्हणायचं आहे, ते पहिल्या वाक्यात सांग.’

दुसरा नेहमीचा बिघाड जोडशब्दांचा. वाक्यं सुटी वाटतात असं सांगितलं, की मुलं ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ यांची खैरात करतात. त्या शब्दांवर बोट ठेवून वाक्य पुन्हा वाचायला सांगा. शब्द काढल्यावर काहीच बिघडत नसेल, तर त्याने काही जोडलेलं नव्हतं. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ काढले की मात्र वाक्य लंगडतं. ती खरी गाठ.

आणि कधी कधी रोगाचं नावच चुकलेलं असतं. पत्र लिहायच्या आधी प्रत्येक परिच्छेदाचं सार एका वाक्यात सांगून बघा. साराच्या वाक्यात दोन असंबद्ध गोष्टींना ‘आणि’ने बांधावं लागलं, तर परिच्छेद फोडायला हवा. दोन परिच्छेदांचं सार एकच निघालं, तर जोडायला हवेत. सार निघतच नसेल, तर अडचण परिच्छेदाची नाही. मुलीला त्या विषयावर अजून काही म्हणायचंच नाहीये, आणि तिला हे पत्र देऊन उपयोग नाही. तिच्याशी मधल्या सुट्टीत बोला. प्रसंगलेखनालाही हा गट पाडण्याचा प्रकार लावू नका. तिथे परिच्छेद बदलतो तो वेळ बदलली, जागा बदलली किंवा दुसरं कुणी बोलायला लागलं म्हणून. तिथली वाक्यं विषयवार लावली, तर गोष्टीचा जीव जातो. ही चूक मी एकदा केली आहे. सहलीचं वर्णन होतं, मुलाने सगळं जेवण एका परिच्छेदात आणि सगळा प्रवास दुसऱ्या परिच्छेदात नेऊन ठेवला.

बाजाराच्या निबंधाचा नवा खर्डा पुढच्या बुधवारी आला. त्या परिच्छेदाची सुरुवात होती: “बाजारात विकणारीचा दिवस पहाटे सुरू होतो आणि घेणारीचा दिवेलागणीला.” त्याखाली ३, ८, ९, थोडे शब्द बदलून. आणि शेवटी आधीच्या कुठल्याच खर्ड्यात नसलेलं एक वाक्य: “पण आमच्या शेवग्याच्या शेंगा विकायच्या असल्या, की आईपण पहाटेच जाते.”