‘श्यामचे पोहणे’ची पटकथा लिहिताना

वर्गातल्या प्रकल्पासाठी आम्ही ‘श्यामची आई’मधलं पोहण्याचं प्रकरण घेतलं होतं: श्याम पोहायला घाबरून लपतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. साने गुरुजींचं निधन १९५०चं. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं उलटून गेली असल्यामुळे हक्कांचा प्रश्न नव्हता. फिल्म पाच मिनिटांची, म्हणजे पटकथा साधारण पाच पानांची. एका पानाला एक मिनिट हा ढोबळ हिशेब.

या पुस्तकात मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आठवणी सांगतो. पाच पानांत ही चौकट बसत नाही, म्हणून ती आधीच काढली. पण मग निवेदकाच्या तोंडी असलेलं सगळं उघडं पडतं. ‘मी भित्रा होतो’ हे वाक्य कॅमेऱ्याला दिसत नाही. प्रकरणाची प्रत घेऊन जे दिसतं-ऐकू येतं त्याखाली रेघ मारा. रेघेबाहेर जे उरतं, त्याला कृती शोधायची. श्याम पोहायला जायला नको म्हणून माळ्यावर लपतो, ही कृती गुरुजींनीच दिली आहे. आमचा प्रसंग असा झाला:

अंतर्गत. माळा. सकाळ.
अंधारात श्याम गुडघे पोटाशी घेऊन बसलाय. बाहेरून मुलांच्या हाका. तो श्वास रोखतो. शिडी करकरते.

भीतीबद्दल एक शब्दही लिहावा लागला नाही. हाका आणि शिडी ही भर आमची. एवढं स्वातंत्र्य घ्यावंच लागतं.

नवशिक्यांचा सगळा जीव विहिरीत अडकतो, कारण ते दृश्य डोळ्यांना छान दिसतं. माझं मत वेगळं आहे. गोष्ट खरी वळते ती घरी, मार खाल्लेला मुलगा आणि मारणारी आई पुन्हा समोरासमोर येतात तेव्हा. म्हणून विहिरीला अर्धं पान दिलं: काठावरचे पाय, धक्का, आणि पाण्याचा आवाज. लहान मुलाला खऱ्या विहिरीत उतरवायची जोखीमही टळली.

घरच्या प्रसंगाला दोन पानं दिली. पुस्तकातली आई आपण का मारलं ते समजावून सांगते. वाचताना ते भिडतं, पण नटीनं सलग म्हटलं की उपदेश वाटतो. आम्ही संवाद मोठ्यानं वाचत एकेक वाक्य खोडत गेलो. शेवटी लोकांनी तुला भित्रा म्हटलेलं मला खपेल का, एवढाच भाव ठेवला. बाकीचं काम पाठीवरच्या वळांनी आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या दह्यानं केलं.

लिहून झालं की पुस्तक न वाचलेल्या कुणाला तरी फक्त कृतीच्या ओळी वाचायला द्या आणि विचारा, आईनं का मारलं? ‘रागीट आहे म्हणून’ असं उत्तर आलं, तर शेवटचा प्रसंग दुरुस्त करत बसू नका. मारण्याच्या आधी, मुलं श्यामला चिडवताहेत आणि आई ते ऐकतेय, एवढी दोन ओळींची जागा करा.