पोल सगळ्यांनी वाचला, मत कुणीच दिलं नाही? या चुका टाळा

सत्तरेक माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. प्रश्न टाकला की दोन अंगठे, एक नमस्कार आणि मग सामसूम. अशा वेळी अ‍ॅडमिन बहुतेकदा "लोकांना रसच नाही" असं म्हणून मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे. छोट्या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला चारचौघांत तोंड उघडावं लागतं. गप्प राहण्यात त्याचं काहीच जात नाही. प्रश्न विचारताना या अडचणीचा विचार झाला नसेल, तर चांगली माणसंही गप्प बसतात.

एक उदाहरण धरून बोलू. तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचा सभासदांचा ग्रुप आहे आणि यंदा कोणते दिवाळी अंक घ्यायचे ते ठरवायचं आहे. ग्रंथपाल लिहितात, "यंदाच्या दिवाळी अंकांबाबत सभासदांनी आपल्या बहुमोल सूचना कळवाव्यात." उत्तर शून्य.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

आपण टाकलेला मेसेज दाबून धरा आणि 'इन्फो' उघडा. तो कुणी वाचला आणि कुणापर्यंत नुसता पोचला, हे तिथे नावानिशी दिसतं. वाचणारेच मोजके असतील, तर प्रश्नाला दोष देऊ नका. सकाळच्या शुभेच्छांच्या ढिगात तो गाडला गेला असेल, संध्याकाळी जेवणानंतर टाकून बघा. पन्नास जणांनी वाचूनही उत्तर नसेल, तर मात्र चूक प्रश्नात आहे. पोलवर मतं पडतात पण कुणी एक ओळही लिहीत नाही, ही तिसरी तऱ्हा. तिथे पर्यायांनीच बोलणं संपवलेलं असतं.

ग्रुपची सेटिंगही एकदा तपासा. मेसेज पाठवण्याची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला ठेवलेली असते आणि उत्तरांची वाट बघत बसतो, असंही होतं.

"सूचना कळवाव्यात" हा प्रश्नच नाही

सूचना द्यायची म्हणजे विचार करायचा, वाक्य जुळवायचं, शुद्धलेखन सांभाळायचं आणि ते सगळं गावातल्या निवृत्त मुख्याध्यापकांसमोर मांडायचं. कोण करणार? मत विचारण्याऐवजी आठवण विचारा. आठवणीत चूक-बरोबर नसतं आणि एका नावात उत्तर होतं. ग्रंथपालांचाच प्रश्न असा लिहिता येईल:

"गेल्या दिवाळीत कोणता अंक तुम्हाला हवा होता, पण नंबर लागेपर्यंत फार उशीर झाला? नुसतं नाव लिहा. ज्या 3 अंकांची नावं जास्त येतील, त्यांच्या यंदा दोन-दोन प्रती घेऊ. रविवारी रात्रीपर्यंत."

यात सभासदाला आठवायचं एवढंच आहे. उत्तरामुळे काय बदलणार तेही कळतं आणि मुदत ठरलेली आहे. "दुसरी प्रत घ्यावी का?" असं विचारलं असतं, तर सगळे हो म्हणाले असते, कारण हो म्हणायला पैसे पडत नाहीत. "रविवारी वाचनालय उघडं ठेवलं तर याल का?" या प्रश्नाचंही तेच. त्याऐवजी "गेल्या महिन्यात वाचनालय बंद असल्यामुळे तुम्ही परत गेलात का? कोणत्या वारी?" असं विचारा. येणाऱ्या महिन्याबद्दल माणूस मनातली इच्छा सांगतो, गेलेल्या महिन्याबद्दल घडलेलं सांगतो.

नाव दिसतं, हे विसरू नका

ही चूक सगळ्यात जास्त नडते, म्हणून थोडं सविस्तर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. आता "कोणत्या प्रकारचे अंक जास्त घ्यावेत?" असा पोल टाकला आणि पर्याय दिले साहित्यिक, विनोदी, रहस्यकथा, राशिभविष्य. साहित्यिक अंकांना भरघोस मतं पडतात, भविष्याला एखादंच. पण देवघेवीची नोंदवही काढून बघा. भविष्याचा आणि रहस्यकथांचा अंक हातोहात फिरलेला असतो आणि जड साहित्यिक अंक मार्चपर्यंत कोरे राहिलेले असतात. लोक खोटं बोलले असं नाही. नावासकट विचारलं, म्हणून त्यांनी शोभेल ते उत्तर दिलं.

आवडनिवड, पैसे, तक्रार, कुणाच्या कामाबद्दलचं मत, यातलं काहीही नावासकट विचारू नका. टेलिग्रामवर निनावी पोल करता येतो. गूगल फॉर्ममध्ये ईमेल घेणं बंद ठेवता येतं. वाचनालयात तर टेबलावर डबा आणि चिठ्ठ्या ठेवल्या तरी भागतं, आणि ज्येष्ठ सभासदांना तेच सोयीचं पडतं. जिथे नाव दिसल्याने काही बिघडत नाही, म्हणजे वेळ, वार, जागा, तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा पोल उत्तम.

पोल टाकताना एक खटका बघून घ्या. एकाहून जास्त उत्तरं निवडण्याची मुभा आपोआप चालू असते. एकच वार ठरवायचा असेल तर ती बंद करा, नाहीतर भिडस्त माणसं सगळ्याच पर्यायांवर टिचकी मारतात आणि निकालातून काही कळत नाही. पर्याय 12 पर्यंत देता येतात, पण चारावर थांबा. शेवटचा पर्याय "वेगळंच काही, खाली लिहितो/लिहिते" असा ठेवा. खरं बोलणं बहुधा तिथूनच सुरू होतं.

पहिलं उत्तर आल्यावर

पहिल्या उत्तराचं काय होतं, हे बाकीचे बघत असतात. एका काकूंनी अंकाचं नाव जरा चुकीचं लिहिलं आणि कुणीतरी जाहीरपणे दुरुस्त केलं, की तो प्रश्न तिथेच संपला. दुरुस्ती त्या व्यक्तीला खासगीत करा, किंवा सोडून द्या. त्याऐवजी त्यांच्याच मेसेजला उत्तर देऊन एक छोटा प्रश्न विचारा: "काकू, त्यातलं काय आधी वाचता?" याचं उत्तर काकू तर देतातच, आणखी दोघं-तिघंही सांगू लागतात.

स्वतःचं उत्तर अ‍ॅडमिनने आधी टाकू नये, कारण मग सगळे "सरांसारखंच" म्हणून मोकळे होतात. प्रश्न टाकायच्या आधी दोन सभासदांना फोन करा: "मी संध्याकाळी हे विचारणार आहे, तुमचं खरं उत्तर आधी टाकाल का?" उत्तर त्यांचं असू द्या, तुम्ही शिकवलेलं नको.

बरेच जण ग्रुपवर न लिहिता तुम्हाला एकट्याला कळवतात, कुणी व्हॉइस मेसेज पाठवतं, कुणी पोलवर टिचकी न मारता नुसतं "2" लिहितं. हे सगळं मोजा. खासगीत आलेलं त्यांना विचारून, नाव न घेता ग्रुपवर टाका: "एका सभासदांनी पाककृतींचा अंक सुचवलाय, आणखी कुणाला हवाय?" पुढच्या माणसाला मग निम्मंच धाडस लागतं.

निकालाची टक्केवारी काढू नका

सत्तरांपैकी 9 मतं पडली आणि त्यातली 5 एका बाजूला, याला "बहुमत" म्हणू नका. एका मताने चित्र उलटतं. एवढ्या छोट्या आकड्यात त्या 9 जणांनी असं का म्हटलं, हे जास्त कामाचं. चौघांना फोन करा.

आणि सोमवारी निकाल टाकाच: कोणते 3 अंक ठरले, कशाला पैसे पुरले नाहीत, कोणती सूचना घेतली नाही आणि का. अंक आले की गठ्ठ्याचा फोटो टाकून दोन प्रती कुठल्या ते दाखवा. हे न करता पुढचा प्रश्न टाकू नका. ज्या गोष्टी कार्यकारिणीने आधीच ठरवल्या आहेत, त्यांच्यावर पोल घेऊच नका, तिथे सरळ सूचना लावा.